लिपी नसताना इंका साम्राज्याने हिशेब कसा ठेवला?

प्रश्न: इंकांना लिपी नव्हती, मग एवढे रस्ते आणि कोठारे त्यांनी कशी सांभाळली?

उत्तर: हिशेब 'किपू' नावाच्या दोऱ्यांवर ठेवला जाई. मुख्य दोरीला अनेक दोरे लोंबत असत आणि गाठीची जागा तिची किंमत ठरवी. २४३ हा आकडा घ्या: वर शतकाच्या जागी दोन साध्या गाठी, त्याखाली दशकाच्या चार आणि सर्वांत खाली तीन वेढ्यांची एक लांब गाठ. आकड्यात शून्य असेल, तर त्याची जागा मोकळी सोडत. दोरा कशाविषयी आहे, हे मात्र तो राखणाऱ्या 'किपूकामायोक'लाच नेमके ठाऊक असे. रस्त्यावर ठरावीक अंतराने उभे असलेले 'चास्की' धावपटू असे किपू आणि तोंडी निरोप पुढच्याच्या हाती देत.

ही नोंद किती टिकाऊ होती, हे हातुन शौशा (आजच्या पेरूतील हौहा) येथे दिसते. तिथल्या डोंगरउतारांवर हजाराहून अधिक कोठारे होती. १५३३ पासून स्पॅनिशांनी तिथून काय नेले, हे स्थानिक सरदारांनी १५६१ मध्ये लिमाच्या न्यायालयात किपूंवरून वाचून दाखवले. त्यात मका, लामा, कापड तर होतेच, पण लुटीचा मालही वेगळा मोजलेला होता. न्यायालयाने ते आकडे पुरावा म्हणून लिहून घेतले, म्हणूनच ते आज आपल्याला वाचता येतात.