पिकलबॉलमध्ये अर्नी मारताना आधी पाय बघ

काल तू अर्नी, म्हणजे जाळीजवळ साइडलाइनबाहेरून मारायचा फटका, मारलास, चेंडू सुरेख बसला, तरी फॉल्ट दिला गेला. कारण तुझ्या पायांत होतं. डिंक, म्हणजे जाळीलगत हळुवार टाकायचा चेंडू, खेळताना तू किचनमध्ये, म्हणजे जाळीलगतच्या व्हॉली-बंदीच्या पट्ट्यात, उभा होतास आणि तिथूनच साइडलाइनबाहेर उडी घेऊन हवेतच व्हॉली मारलीस, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू मारलास. एकदा किचनला पाय लागला की व्हॉलीआधी दोन्ही पाय किचनबाहेरच्या जमिनीला टेकायलाच हवेत. किचनची रेषाही किचनच धर.

किचन म्हणजे फक्त जमीन, वरची हवा नव्हे. म्हणून रेषेमागून उडी मारून, कोपरा ओलांडून, चेंडू हवेत मारून बाहेर उतरलास तर चालतं. किचनमधून धावत बाहेर जाऊन, दोन्ही पाय टेकवून मारलंस तरी चालतं. मला हाच मार्ग सुरक्षित वाटतो. पण फटक्यानंतर तोल जाऊन किचनमध्ये पाय पडला तर फॉल्ट, रॅली संपलेली असली तरीही. चेंडू जाळी ओलांडून आपल्या बाजूला येण्याआधी त्याला बॅट लावायची नाही. जाळीला आणि खांबालाही शरीर लागू द्यायचं नाही.

खांबाबाहेरून मारायच्या फटक्यात ही धास्ती नसते. तिरका डिंक टप्पा घेऊन साइडलाइनबाहेर जातो, म्हणजे ती व्हॉली नाही आणि किचनचा नियम लागत नाही. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला तर जाळीपेक्षा खालून नेला तरी वैध. त्यामुळे घाई करू नकोस. चेंडू खांबापलीकडे जाऊन घोट्याएवढा खाली येईपर्यंत थांब, मग सपाट ढकल.