शस्त्रसंधी, युद्धविराम करार आणि शरणागती यांत फरक काय?

प्रश्न: सीझफायर, आर्मिस्टिस आणि सरेंडर या तिन्हींत नेमका फरक काय, आणि युद्ध खरे कशाने संपते?

शस्त्रसंधीने फक्त गोळीबार थांबतो, युद्धविराम करारात दोन्ही सैन्ये लेखी अटींवर लढाई थांबवतात, तर शरणागतीत एक बाजू शस्त्रे खाली ठेवून दुसरीच्या ताब्यात जाते. कायद्याच्या दृष्टीने युद्ध मात्र सहसा पुढच्या राजकीय कराराने संपते. 1971 च्या युद्धात यांपैकी दोन प्रकार एकाच आठवड्यात दिसले. 16 डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझी यांनी सही केलेला दस्तऐवज शरणागतीचा होता आणि तो बांगलादेशातील सर्व पाकिस्तानी सैन्याला लागू होता, त्यामुळे तेथील सैनिक युद्धकैदी झाले आणि त्या आघाडीवर लढायला कोणी उरले नाही. पश्चिम आघाडीवर भारताने 17 डिसेंबरच्या रात्री आठपासून एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली व पाकिस्तानने ती मान्य केली. तेथे दोन्ही सैन्ये सशस्त्र, आपापल्या जागी राहिली. म्हणूनच जुलै 1972 च्या सिमला कराराला जम्मू-काश्मीरमधील नियंत्रण रेषेचा आधार म्हणून त्याच शस्त्रसंधीचा उल्लेख करावा लागला. युद्धविराम कराराचे ठळक उदाहरण कोरियाचे: 27 जुलै 1953 च्या करारानुसार दोन्ही बाजू दोन-दोन किलोमीटर मागे हटल्या, पण शांतता करार आजतागायत झालेला नाही. एक खबरदारी घ्यावी: मराठी वृत्तपत्रे ‘शस्त्रसंधी’ आणि ‘युद्धविराम’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे बातमीतील शब्दापेक्षा अटी वाचाव्यात.