‘टॉक्सिक’मधली व्हायोलिनं कुठल्या गाण्यातली?

प्रश्न: ब्रिटनी स्पीअर्सच्या ‘टॉक्सिक’मधली व्हायोलिनची लकेर जुन्या हिंदी गाण्यातली वाटते. मूळ गाणं कसं शोधायचं?

उत्तर: ते गाणं म्हणजे ‘एक दूजे के लिए’मधलं (1981) ‘तेरे मेरे बीच में’. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं.

आधी लूपचं, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचं, वर्णन शब्दांत करा: कोणती वाद्यं, स्वर चढतात की उतरतात, किती ठोक्यांनी परत येतं. इथे व्हायोलिनांचा मोठा ताफा आहे, वरच्या पट्टीत, आणि एक तुकडा उंच सुरावर संपतो. असा ताफा त्या काळच्या हिंदी चित्रपटसंगीतात भरपूर, म्हणून तिथे शोधायचं. तेही मुखड्यात नाही, तर गाण्याआधीच्या आणि कडव्यांमधल्या वाद्यसंगीतात. गाणं ओळखणारं अ‍ॅप सहसा नव्याच गाण्याचं नाव सांगतं.

संशयित गाणं सापडलं की ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकडे वरखाली ठेवा. जुना तुकडा टेपसारखा वेगात चालवला की सूरही चढतो: सुमारे 6 टक्के वेगाला एक अर्धस्वर. या प्रमाणात वेग बदलून दोन्ही जुळले, तर पुरावा भक्कम. मात्र आजची साधनं वेग आणि सूर वेगवेगळे बदलू शकतात, त्यामुळे प्रमाण चुकलं म्हणून गाणं लगेच बाद करू नका.

‘टॉक्सिक’मध्ये खरी अडचण वेगळीच आहे. ती लकेर मूळ गाण्यातल्या वेगवेगळ्या जागांचे तुकडे जोडून केलेली आहे. सलग लकेर शोधाल तर ती मिळणारच नाही. प्रत्येक तुकडा स्वतंत्र शोधा.