मॅनियाच्या दिवसांत घरी सांभाळताना: आधी रात्र, मग ताट

प्रश्न : माझ्या मिस्टरांना बायपोलर आहे. आठवडाभर ते रात्री दोन-तीन तासच झोपतात, सारखे बोलतात, नवीन धंद्याचे बेत करतात, गाडी घेऊन निघून जातात. जेवायला दोन मिनिटं बसत नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्यात आणि सध्या घरीच सांभाळा म्हणाले. पण सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : ताई, बायपोलरमधल्या अशा अति उत्साहाच्या टप्प्याला मॅनिया म्हणतात. अशाच अवस्थेतल्या एका तरुणाच्या घरी काय काय केलं ते सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय बत्तीस, कापडाचं दुकान, घरात आई, मोठा भाऊ आणि वहिनी. मनाचे चढ-उतार आवरणाऱ्या लिथियमच्या गोळीवर दोन वर्षं प्रकृती उत्तम होती. गणपतीच्या आधी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला, घरी यायला रात्रीचा एक वाजू लागला आणि रात्रीची गोळी अधूनमधून राहून जाऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात झोप तीन तासांवर आली, तरी थकवा नाही. उलट आपल्याला झोपेची गरजच उरलेली नाही, असं तो सांगू लागला. दुकानासाठी दीड लाखाचा माल उधारीवर उचलला. डॉक्टरांनी औषधं वाढवली, रात्रीसाठी शांत करणारी गोळी जोडली आणि दर दोन दिवसांनी फोन करायला सांगून घरी पाठवलं.

घरच्यांची पहिली धडपड होती त्याला पटवण्याची: 'अरे, असा धंदा होतो का?' त्यावरून रोज रात्री तासभर वाद, वादातून चढलेला आवाज आणि आवाजातून गेलेली झोप. मॅनियात माणसाला त्याचा बेत चुकीचा आहे हे पटवता येत नाही. वाद म्हणजे त्या मेंदूला मिळालेलं आणखी एक उत्तेजन. त्यामुळे घरात पहिला नियम ठरला तो बेतांवर चर्चा न करण्याचा. 'तुझा विचार वहीत लिहून ठेवू, डॉक्टरांच्या भेटीनंतर बघू,' एवढंच एका सुरात म्हणायचं आणि विषय समोरच्या कामावर आणायचा. वाक्यं छोटी, एका वेळी एकच माणूस बोलणार, बाकीचे खोलीबाहेर.

त्याच दिवशी सुरक्षिततेची व्यवस्था लावली. मोटारसायकलची चावी भावाकडे गेली. चावी हरवली किंवा गाडी गॅरेजमध्ये आहे असली थाप मारायची नाही, हे बजावून सांगावं लागलं. थाप उघडी पडली की संशय वाढतो आणि मग गोळीवरही विश्वास राहत नाही. भावाने सरळ सांगितलं, 'डॉक्टर परवानगी देईपर्यंत गाडी नको, चावी माझ्याकडे आहे, कुठे जायचं असेल तर मी सोडतो.' पैशाचं बोलणं सकाळी केलं, कारण तेव्हा तो त्यातल्या त्यात निवांत असे. रोज पाचशे रुपये रोख हाताशी, क्रेडिट कार्ड आईच्या कपाटात आणि फोनवरून पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा त्याच्याच हाताने कमी करून घेतली. ओढाताण करून फोन हिसकावला असता तर हे झालं नसतं. उधारी देणाऱ्या व्यापाऱ्याला भावाने आजाराचं नाव न घेता कळवलं की पुढचा माल माझ्या सहीशिवाय देऊ नका.

घरातल्या सगळ्या गोळ्या, त्याच्या आणि आईच्या बीपीच्या सुद्धा, कुलपात ठेवा. लिथियम एकदम जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं. गच्चीच्या दाराला कुलूप लावा, सुऱ्या आणि कीटकनाशक नजरेआड करा. तो चिडला तर हात धरायचा नाही, दार अडवून उभं राहायचं नाही. दोन हात अंतर ठेवून, त्याला बाहेर पडायला वाट राहील असं उभं राहायचं. अडकल्यासारखं वाटलं की हात उचलला जातो, एरवी बहुतेकदा नाही.

आता झोप. ही गोष्ट सगळ्यांत वरची, कारण मॅनियात झोप कमी होते आणि कमी झालेली झोप मॅनिया आणखी वाढवते. हे चक्र रात्रीच तोडावं लागतं आणि त्याची तयारी संध्याकाळी सुरू होते. या घरात साडेसातनंतर ट्यूबलाइट बंद, एकच पिवळा मंद दिवा, टीव्ही बंद, भेटायला येणाऱ्यांना दारातूनच निरोप. फोन आठ वाजता हॉलमध्ये चार्जिंगला, आणि त्याच्यासोबत घरातल्या सगळ्यांचे फोनही तिथेच. त्यामुळे ती त्याला शिक्षा वाटली नाही. प्रकाशाचा मुद्दा हलका समजू नका. नॉर्वेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषधांच्या जोडीला संध्याकाळी सहा ते सकाळी आठ निळा प्रकाश अडवणारे चष्मे लावलेल्या रुग्णांचा मॅनिया आठवडाभरात लक्षणीय उतरला. चष्मा नसला तरी अंधार घरात करता येतो.

रात्रीची गोळी आधी अकराला दिली जायची. डॉक्टरांना विचारून ती साडेआठला आणली. दहाला त्याने अंथरुणावर असायचं, झोप आली नाही तरी अंधारात पडून राहायचं. पहिल्या दोन रात्री तो पाच-सहा वेळा उठला. भावाने प्रत्येक वेळी दिवा न लावता, 'पाणी पी आणि पड,' एवढंच म्हटलं. घरच्यांनी पाळ्या लावल्या: वहिनी दहा ते दोन, भाऊ दोन ते सहा. एकट्याने सगळी रात्र जागली तर तिसऱ्या दिवशी जागणाराच चिडतो आणि वाद पुन्हा सुरू होतो. मनाने जादा झोपेची गोळी मात्र एकही देऊ नका.

उशाशी एक वही ठेवली. किती वाजता झोप लागली, किती वाजता उठला, एकूण तास. रोज चार ओळी. आकडे असे आले: तीन, साडेतीन, साडेचार, पाच, साडेसहा. बडबड आणि बेत पाचव्या दिवशीही तसेच होते, म्हणून आई खचली होती. पण झोप वाढतेय म्हणजे औषध लागू पडतंय, बोलण्याचा वेग त्यानंतर उतरतो. ही वही डॉक्टरांना तुमच्या शब्दांपेक्षा जास्त सांगेल. दुपारीही तासा-दोन तासांनी शांत खोलीत पंधरा-वीस मिनिटं पडायला सांगत होते. या अवस्थेत शरीर थकलेलं असतं, त्यालाच ते जाणवत नाही.

जेवणाचं गणित वेगळं आहे. तो ताटावर बसणार नाही हे धरून चाला आणि जेवण त्याच्या हातात द्या. वहिनीने पोळीत पनीर किंवा बटाट्याची भाजी घालून गुंडाळी करायला सुरुवात केली. थालीपीठाचे तुकडे, उकडलेली अंडी, केळी, शेंगदाण्याचे लाडू, खजूर असं सगळं चालता-चालता खाता येण्यासारखं. दर दीड-दोन तासांनी एक घास-दोन घास, दिवसात सात-आठ वेळा. 'काही खाणार का?' असं विचारलं की उत्तर 'नको' येतं. 'लाडू देऊ की केळं?' असं विचारलं की हात पुढे येतो. चहा दहा कपांवर गेला होता. तो डॉक्टरांना सांगून हळूहळू दोन कपांवर आणला, दुपारनंतर बंद. हळूहळू अशासाठी की चहा-कॉफी एकदम तोडल्यानेही रक्तातलं लिथियम वाढू शकतं. वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी, त्याच काट्यावर. गोळी जेवणात लपवून देऊ नका. समजलं तर तो गोळीही सोडेल आणि जेवणही.

सगळ्यांत जपायचं ते पाणी आणि मीठ. तुमच्या मिस्टरांच्या गोळ्यांत लिथियम असेल तर हा भाग नीट वाचा. लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही, मग रक्तातलं प्रमाण चढतं. या तरुणाने सहाव्या दिवशी देवाचा संकेत मिळाला म्हणून निर्जळी उपवास धरला, आणि ढोल वाजवून खांदा दुखतो म्हणून शेजाऱ्याकडून डायक्लोफिनॅकची गोळी घेतली. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्यांनीही लिथियम वाढतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन जुलाब झाले, कप धरताना हात ठळकपणे थरथरू लागला आणि जीभ जड झाली. वहिनीला आदल्या दिवसापर्यंतची बारीक थरथर माहीत होती, ही वेगळी आहे हे तिने ओळखलं. सकाळची गोळी न देता, गोळ्यांची पाकिटं घेऊन ते थेट रुग्णालयात गेले. रक्तातलं लिथियम १.७ निघालं. मॅनियात ते साधारण ०.८ ते १.२ च्या दरम्यान ठेवतात. सलाइन, दोन दिवस देखरेख, मग कमी मात्रेवर पुन्हा सुरुवात.

म्हणून पाण्याची लिटरची बाटली खूण करून ठेवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसाला अडीच लिटरच्या आसपास, ताक-सूप धरून. जेवणातलं मीठ नेहमीइतकंच, कमीही नाही, जास्तही नाही. उपवास, अळणी जेवण या दिवसांत नको. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. लिथियमची तपासणी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी होते. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा खोटा चढलेला दिसतो.

काही गोष्टी घरात झेपण्यासारख्या नसतात. लागोपाठ दोन रात्री जवळजवळ झोप नाही, पाणी पिणं बंद, दिवसभर गोळ्या नाकारणं, कुणावर हात उगारणं, कानात आवाज येणं, किंवा मरणाची भाषा. हसता-हसता ती बोलली गेली तरी मनावर घ्या, कारण उत्साह आणि निराशा एकाच वेळी असलेली अवस्था सर्वांत धोक्याची. तापाबरोबर अंग कडक झालं तर ती औषधाची गंभीर प्रतिक्रिया असू शकते, १०८ ला फोन करा. एरवी रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

दाखल करायची वेळ आली आणि ते नाही म्हणाले तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. आधी मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर स्वतंत्रपणे तपासतात. हा प्रतिनिधी कोण असावा हे माणूस बरा असताना लेखी ठरवून ठेवू शकतो. या घरात ते पंधरा दिवसांनी, त्याची झोप सात तासांवर टिकल्यावर, त्यानेच भावाचं नाव लिहून केलं.

झोप सुधारली म्हणून गोळी कमी करू नका. त्यानंतरचे काही आठवडे उलट बाजूकडे लक्ष ठेवा. उधारीचा आकडा समोर आला की शरम येते, माणूस गप्प होतो, दहा-बारा तास झोपू लागतो. तीच वही पुढे चालू ठेवा, आणि सलग तीन-चार दिवस तास फार वाढलेले दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.