आडवा पडलेला ग्रह

युरेनस स्वतःभोवती फिरतो तो जवळजवळ आडवा पडून. फार पूर्वी एक मोठा गोळा येऊन धडकल्यामुळे तो असा कलंडला असावा, असं मानतात. त्यावर वाचकांनी विचारलेले हे प्रश्न.

पंचांगात युरेनस सापडत नाही. त्याला काही वेगळं नाव आहे का? (वाचक, पंचवटी)

‘हर्षल’ शोधा. विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये तो शोधला, त्यांचंच नाव आपल्या पंचांगांनी ठेवलं.

तो आडवा झाला तो धडकेमुळेच, हे पक्कं आहे का? (वाचक, इंदिरानगर)

पक्कं नाही, पण मला तरी हेच कारण सगळ्यात जास्त पटतं. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे, युरेनसचा जवळपास ९८ अंश. संगणकावर धडकेची गणितं मांडून पाहिली, तर पृथ्वीच्या दोन-तीन पट वस्तुमानाचा गोळा तिरका आदळला की इतका कल येऊ शकतो.

अडचण आहे ती चंद्रांची. युरेनसचे पाच मोठे चंद्र त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीतच फिरतात, म्हणजे तेही त्याच्यासोबत आडवे आहेत. समजा, धडकेच्या आधीपासून ग्रहाभोवती चंद्र घडवणारी चकती होती. एकाच तडाख्यात ग्रह ९८ अंश वळला, तर चकतीतले तुकडे एकमेकांवर आदळत नव्या विषुववृत्तावर स्थिरावतील खरे, पण फिरतील ग्रहाच्या उलट दिशेने, कारण कल ९० अंशांच्या पलीकडे गेला आहे. प्रत्यक्षात चंद्र ग्रहाच्याच दिशेने फिरतात. म्हणून काही अभ्यासक एकाऐवजी दोन किंवा अधिक लहान धडका मानतात. चंद्र धडकेतून उडालेल्या चुऱ्यातून नंतर बनले असतील, तर मात्र ही अडचण उरत नाही.

नाशिक युरेनसवर असतं तर ऋतू कसे असते? (विद्यार्थिनी, सिडको)

तिथे उभं राहायला जमीन नाही, पण २० अंश उत्तर अक्षांश नक्की आहे. मोसंबीत विणायची सुई खुपसा, ती जवळजवळ आडवी धरा आणि दिव्याभोवती एक फेरी मारा. सुईची दिशा मात्र बदलू देऊ नका. ही फेरी म्हणजे ८४ वर्षं.

विषुवदिनाच्या आसपास आपल्यासारखंच चालेल: सूर्य उगवेल आणि मावळेल, फक्त दिवस-रात्र मिळून सव्वासतरा तासांची. नाशिकला मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, तशी तिथे विषुवदिनानंतर पावणेपाच वर्षांनी होईल. त्यानंतर सूर्य उत्तरेकडे सरकतच राहील. क्षितिजाला न टेकता तो सुमारे साडेआठ वर्षं फिरत राहील. त्या काळाच्या मध्यावर तर उत्तरेला क्षितिजापासून १२ ते २८ अंशांच्या मधे छोटी छोटी वर्तुळं काढेल. पुढे ४२ वर्षांनी तितकीच लांब रात्र येईल. ध्रुवावर तर दिवस आणि रात्र प्रत्येकी ४२ वर्षांची.

मग ध्रुवावर विषुववृत्तापेक्षा जास्त गरम असतं का? (शिक्षक, देवळाली कॅम्प)

वर्षभराचा हिशेब केला तर ऊन ध्रुवांनाच जास्त मिळतं. तरीही १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ जवळून गेलं तेव्हा दोन्हीकडचं तापमान जवळपास सारखंच निघालं. ऊनही पृथ्वीच्या सुमारे ३७० पट कमी आहे. बदल दिसतो तो ढगांत. १९८६ मध्ये दक्षिण ध्रुव सूर्यासमोर होता आणि ग्रह जवळजवळ कोरा दिसला. २००७ च्या विषुवदिनाच्या सुमारास मात्र दुर्बिणींना चमकदार ढग दिसले. आता उत्तर ध्रुव सूर्याकडे वळतो आहे, २०३० च्या सुमारास तो पूर्ण समोर येईल.