डॉक्टर, माझ्या पिशवीत काय काय आहे ते सगळं सांगतो

डॉक्टर,

वयानं तुम्ही माझ्या धाकट्या लेकीएवढ्या, म्हणून थोडं वडीलकीनं लिहितोय, राग मानू नका. आणि मी काही अडाणी पेशंट नव्हे, ३१ वर्षं मेडिकलच्या काउंटरमागं उभा राहिलेला माणूस आहे, त्यामुळं हे लपवल्याची लाज मला इतरांपेक्षा जास्तच वाटायला पाहिजे.

फेब्रुवारीत तुम्ही विचारलंत, "काका, औषधं कोणती चालू आहेत?" मी म्हटलं साखरेसाठी मेटफॉर्मिन 500 सकाळ-संध्याकाळ आणि ग्लिमेपिराइड 1. ते खोटं नव्हतं. पण पिशवीत घरचं आणखी सहा प्रकारचं काय काय होतं त्यातलं एकही बोललो नाही, कारण तुम्ही "औषधं" म्हणालात आणि आमच्या डोक्यात औषध म्हणजे पट्टीतली गोळी. मेथी हे औषध आहे का? कारल्याचा रस? ते तर खाणंच की. म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो की तुमच्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला औषध विचारू नका, "सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं" असं विचारा, आणि तेही हसत विचारा, कारण कपाळाला आठी दिसली की माणूस निम्मं गिळून टाकतो. मी स्वतः गिळलं.

आता सांगतो. सकाळी साडेपाचला रात्री भिजवलेल्या मेथीचे एक चमचा दाणे चावून पाण्यासकट. यात घाबरण्यासारखं फार नाही, दाण्यात जो चिकट तंतू असतो तो पोटात बुळबुळीत होऊन साखर हळू शोषू देतो, पण तोच बुळबुळीतपणा गोळीलाही अडवू शकतो. मी मूर्खासारखा वर्षभर मेथीच्या पाण्याबरोबरच सकाळची गोळी घेत होतो. आता दोन तासांचं अंतर ठेवलंय.

मग सहाला रंकाळ्यावर चालायला गेलो की तिथं एक जण कारलं, आवळा, टोमॅटोचा रस देतो, एक ग्लास. गेल्या दिवाळीपासून. कारलं साखर थोडी खरंच उतरवतं आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर ते चढलं की माणूस घामाघूम होऊ शकतो, हे मला काउंटरवर असतानाच माहीत होतं. पण दुसऱ्याला सांगायचं ज्ञान आणि स्वतःला लागू करायचं ज्ञान यात फरक असतोय. दुपारी चारला दालचिनीचा चहा, अर्धा चमचा पूड, आणि खरं सांगायचं तर त्यात गुळाचा लहान खडा, कारण "गूळ म्हणजे साखर नव्हे" हे कोल्हापूरकराला पटवायला वेळ लागत नाही. गूळ पण साखरच, डॉक्टर, हे मला कळतं, चहात पडताना तेवढं कळत नाही. त्या दालचिनीबद्दल एकच सांगतो, बाजारात मिळते ती जाडसर साल बहुतेक वेळा कॅशिया जातीची असते, तिच्यात कूमारिन असतं, रोज जास्त गेलं तर लिव्हरला त्रास देऊ शकतं. रात्री गुळवेलीचा काढा, कोविडात सुरू झाला तो सुटलाच नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटांत लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापल्या, आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वाद मिटवायचं काम माझं नाही, पण दालचिनी आणि गुळवेल दोन्ही एकाच लिव्हरवर पडतायत म्हणून पुढच्या रक्तात एसजीपीटी घालाच.

आता मुख्य दोघं राहिले. एक गुडमार, ज्याला मधुनाशिनी म्हणतात. वाळलेल्या पानांची पूड, संध्याकाळी चालायला निघायच्या आधी पाव चमचा जिभेवर ठेवायची, का तर गोड खायची इच्छा मरते. ती खरोखरच मरते हो. पूड जिभेवर विरघळवून वर साखर टाकून बघा, साखर वाळूसारखी लागते, दाताखाली कचकच होते पण चव काहीच नाही, जवळजवळ अर्धा-पाऊण तास. घरात पाहुण्यांना मी हा खेळ करून दाखवायचो. हे नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरी ती पुडी. नात्यातल्या एकानं आणून दिली, गावाकडच्या एका माणसाकडनं, त्याचं नाव मी काढत नाही. साध्या कागदाच्या पुड्या, तपकिरी पूड, रोज एक, उपाशीपोटी. लेबल नाही, घटक नाहीत, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही. आयुर्वेदिक औषध विकायचं म्हटलं तरी लेबलवर घटकांची नावं, लायसन्स नंबर आणि बॅच लागतातच, हे काउंटरवरचं पहिलं शिक्षण. एखादं गिऱ्हाईक असली पुडी घेऊन आलं असतं तर मीच त्याला झापलं असतं. घरात आली तेव्हा मी गप बसलो.

फेब्रुवारीच्या रिपोर्टमध्ये माझं एचबीएवनसी 8.4 होतं म्हणून तुम्ही ग्लिमेपिराइड 1 चं 2 केलंत. बरोबर केलंत. पण मी त्याच आठवड्यात पुडी सुरू केली. उपाशीपोटीची साखर 168 होती ती पाचव्या दिवशी 84 आली. मी खूश, तुम्हाला फोनवर आकडा कळवला, तुम्ही खूश, आणि फाईलवर लिहिलं असणार की 2 चा डोस छान चाललाय. इथंच सगळं फसलं बघा. एका आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या आणि त्यातली एकच तुम्हाला माहीत होती, मग यश कोणाच्या नावावर जाणार?

मार्चमध्ये एका संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर अर्धी फेरी झाली होती, गुडमार नेहमीप्रमाणे घेऊन निघालो होतो, आणि एकदम पाठीवर गार घाम. हात थरथरायला लागले, समोरच्या भेळेच्या गाडीवरच्या बोर्डाची अक्षरं वाचता येईनात. बायको बरोबर होती म्हणून वाचलो. तिच्या पर्समध्ये ग्लुकोमीटर, मीच लावलेली सवय. 54. तिनं गाडीवाल्याकडनं साखर आणली, कागदावर, तीन चमचे असेल, माझ्या तोंडात घातली. आणि मी थुंकून टाकली.

का, तर गोड लागेना. डोकं आधीच चालत नव्हतं, जिभेवर वाळू पडल्यासारखं झालं, मला वाटलं ही मीठ-बीठ काहीतरी देतीय, रेती देतीय, म्हणून तिच्यावर ओरडलो पण. तिनं मग परत भरवली, नाक दाबून लहान पोराला देतात तशी, वर पाणी. पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर 78, मग दोन बिस्किटं आणि घरी जाऊन जेवलो. चव नसली म्हणून साखर काम करत नाही असं नाही, गुडमार जिभेची चव बंद करतं, पोटात गेलेली साखर चढतेच. पण लो शुगर झालेल्या माणसाला एवढा विचार करता येत नाही. म्हणून तुमच्याकडं गुडमार घेणारा माणूस आला की त्याला आणि मुख्य म्हणजे त्याच्या घरच्यांना सांगा की साखर गोड लागणार नाही, तरी गिळायची, थुंकू द्यायची नाही. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हे कुठल्या पुस्तकात आहे का माहीत नाही, मी कट्ट्यावर शिकलोय.

त्या रात्री तुम्हाला फोन करायला पाहिजे होता. केला नाही, कारण फोन केला की पुडीचं सांगावं लागणार. ही चूक माझी. पण मेडिकलवाल्याची खोड म्हणून मी एक केलं, बाकी सगळं तसंच ठेवून फक्त पुडी बंद केली आणि रोज सकाळी उपाशीपोटी आकडा लिहिला. पहिल्या दिवशी 88, दुसऱ्या दिवशी 104, तिसऱ्या दिवशी 129, पाचव्या दिवशी 151, सहाव्या दिवशी 149, आणि तिथंच थांबलं. जेवण तेच, चालणं तेच, कारलं तेच, ग्लिमेपिराइड 2 तेच.

याचा अर्थ तुम्हीच काढा, मी माझा सांगतो. झाडपाला पाच दिवसांत 168 चं 84 करत नाही, इतक्या झटक्यात उतरणं आणि बंद केल्यावर इतक्या झटक्यात चढणं ही गोळीची चाल आहे. अशा पुड्यांत ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन असली ॲलोपॅथीची औषधं कुटून मिसळलेली सापडलीयत, देशात पण आणि परदेशात पण. माझ्या पुडीत काय होतं ते मी सिद्ध करू शकत नाही, तपासल्याशिवाय कोणी नाही. पण तुमच्या दृष्टीनं माझी 2 च्या डोसवरची खरी साखर 150 च्या आसपास आहे, 84 नव्हे. ते 84 फाईलवरनं खोडा.

आणि मेमध्ये एचबीएवनसी कराल तेव्हा सांभाळून, तो साधारण तीन महिन्यांचा सरासरी हिशोब असतो, त्यात पुडीचे दिवस आणि पुडीविनाचे दिवस दोन्ही मिसळलेले असणार. तो आकडा बरा आला म्हणून डोस तसाच ठेवू नका, रोजची वही बघा. अशा पुड्यांत शिसं पण निघालेलं आहे, म्हणून एसजीपीटीबरोबर क्रिएटिनिन करा आणि तुम्हाला गरज वाटली तर लेड लेव्हल.

दुसऱ्या कोणाकडनं काढून घ्यायचं असेल तर "पिशवी घेऊन या" म्हणा. यादी माणूस खोटी करतो, पिशवी करत नाही, तळाशी राहिलेली डबी पण येते. आणि प्रत्येकाचं चमच्याचं माप, किती वाजता, कधीपासून, आणि कोणाकडनं, एवढ्या चार गोष्टी लिहून घ्या. "कधीपासून" सगळ्यात महत्त्वाचं, माझी पुडी त्याच प्रश्नात सापडली असती. "सगळं बंद करा" असं मात्र पहिल्या दिवशी म्हणू नका. बिनलेबलची वस्तू तेवढी लगेच बंद, बाकीचं एक एक करून, नाहीतर माणूस एकदम सगळं सोडतो, साखर उडते, मग म्हणतो बघा माझं कारलंच खरं होतं, आणि परत तुमच्याकडं काही सांगत नाही.

मंगळवारी साडेदहाला येतो. मेथी, गुडमार, दालचिनी, गुळवेल सगळं आणतो, कारल्याचा रस तेवढा आणता येणार नाही. पुडीतल्या सात शिल्लक आहेत, बायको जाळायला निघाली होती, मी पाकिटात घालून वर तारीख लिहून कपाटात ठेवल्यात. अन्न व औषध प्रशासनाकडं तपासायला द्यायच्या का ते तुम्ही ठरवा, आणणाऱ्या नातेवाईकाशी मी बोलतो, तो पण डायबेटिसचा आहे आणि अजून घेतोय.

तुमचा,
मेडिकलवाले काका