घरखर्च आणि बचतीचा विषय नवऱ्याशी काढायचा आहे, पहिला मेसेज कसा लिहू?

प्रश्न: लग्नाला दीड वर्ष झालं. दोघंही नोकरी करतो, पुण्यात राहतो. माझ्या हातात 52 हजार येतात, त्याच्या 78. फ्लॅट आणि कर्ज त्याच्या नावावर, 32 हजारांचा हप्ता तो भरतो. किराणा, भाजी, दूध, मावशींचा पगार, वीज, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स असे साधारण 26 हजार माझ्याकडून जातात. त्याची 15 हजारांची एसआयपी चालू आहे, माझी बचत जवळपास नाहीच. तो चांगला आहे, पण पैशाचं बोलणं निघालं की गप्प होतो. समोरासमोर माझाही आवाज चढतो, म्हणून आधी व्हॉट्सॲपवर लिहावं म्हणते. काय लिहू?

उत्तर:

पगारदार जोडप्यांची विवरणपत्रं भरून देणं हे माझं काम आहे, त्यामुळे अशी घरं मी जवळून पाहते. मेसेज लिहायच्या आधी तुझेच आकडे एकदा मांडून बघू, कारण तुझी अडचण नेमकी कुठे आहे यावर त्यातली वाक्यं ठरतील.

दोघांचे मिळून 1 लाख 30 हजार येतात. त्यात त्याचा वाटा 60 टक्के, तुझा 40. हप्ता आणि घरखर्च मिळून 58 हजार. पगाराच्या प्रमाणात वाटले तर त्याच्याकडे 34,800 येतात आणि तुझ्याकडे 23,200. म्हणजे आज तू महिन्याला फक्त 2,800 रुपये जास्त देते आहेस. ‘मी जास्त खर्च करते’ अशी सुरुवात केलीस तर बोलणं या 2,800 वरच अडकेल, आणि हप्त्याचा आकडा मोठा असल्यामुळे तो दुखावला जाईल.

खरी गोष्ट वेगळी आहे. त्याच्या 32 हजारांतून त्याच्या नावावरचं घर फिटतंय. तुझ्या 26 हजारांचा किराणा आणि वीजबिल महिनाअखेरीला संपून जातं. दोघांचे कष्ट सारखे असले, तरी दहा वर्षांनी कागदावर एकाच्या नावाने घर आणि एसआयपी दिसेल, दुसऱ्याच्या नावाने काही नाही. हे कुणी ठरवून केलेलं नसतं. लग्नाआधी त्याने फ्लॅट बुक केला असेल, तू घरात आलीस तेव्हा जे उरलं होतं ते उचललंस. बहुतेक घरांत असंच होतं. म्हणून मेसेजमध्ये खर्चाची तक्रार नको, बचतीची इच्छा असू दे.

मी असा लिहीन:

*‘अरे, एक मनात आहे. घराचं सगळं आपण जमेल तसं वाटून घेतलंय आणि ते नीट चाललंय. हप्त्याचा भार तू उचलतोस ते मला दिसतं. पण माझ्या पगारातून माझ्या नावावर काहीच साठत नाहीये, त्याची मला काळजी वाटते. रविवारी नाश्ता झाला की अर्धा तास बसून दोघांचा महिन्याचा हिशोब एका कागदावर मांडूया का? त्या दिवशी काही ठरवायचं नाही, नुसतं बघायचं. तुझ्या मनात काही असेल तर तेही सांग.’*

यात एकही आकडा नाही, तो मुद्दाम गाळला आहे. लिहिलेला आकडा माणूस पुन्हा पुन्हा वाचतो आणि भेटेपर्यंत मनातल्या मनात त्याला उत्तर देत बसतो. ‘आपल्याला बोलायला हवं’ एवढंच लिहून सोडू नकोस, दिवसभर त्याच्या पोटात गोळा येईल. विषय कोणता, वेळ कोणती आणि त्या दिवशी निर्णय नाही, या तीन गोष्टी कळल्या की गप्प होणारा माणूसही बसायला तयार होतो. ‘हप्त्याचा भार दिसतो’ हे वाक्य मनापासून वाटत असेल तरच ठेव. आणि ‘तू कधीच’, ‘दर वेळी’, ‘माझ्या मैत्रिणीचा नवरा’ यातलं काही येऊ देऊ नकोस.

पाठवायची वेळही बघ. हप्ता कापला जातो तो दिवस नको, त्याची ऑफिसची मीटिंग चालू असताना नको, सासू-सासरे राहायला आले असतील तर ते गेल्यावर. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलास तर रविवारपर्यंत त्याला विचार करायला दोन रात्री मिळतात. निळ्या खुणा दिसूनही उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज टाकू नकोस. घरी आल्यावर नेहमीसारखी वाग.

‘काही कमी पडतंय का तुला?’ असं उत्तर येण्याची शक्यता मोठी आहे. त्यात राग कमी आणि आपण कमी पडलो की काय ही भीती जास्त असते. तेव्हा एवढंच लिही: *‘कमी काहीच नाही. तुझ्या नावावर जशी बचत होते तशी माझ्याही व्हावी, एवढंच.’* ‘विश्वास नाही का?’ असं आलं तर मात्र मेसेजवर उत्तर देऊ नकोस. ‘आहे, म्हणूनच तुझ्याशी बोलतेय. रविवारी बसू,’ म्हणून थांब. पुढचं टाइप करत गेलात तर सूर हमखास बिघडतो.

रविवारी कागदावर आधी तो घरी पाठवतो ते पैसे आणि तू आईला देत असशील ते लिहा. हे बाजूला राहिलं तर पुढचं सगळं गणित चुकतं आणि दोन महिन्यांनी भांडण तिथूनच सुरू होतं. मग पुढचा पर्याय मांड. एक संयुक्त खातं उघडायचं, बँकेत ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ असा पर्याय निवडायचा. पगार झाला की त्याने 34,800 आणि तू 23,200 त्यात टाकायचे; हप्ता, किराणा, बिलं सगळं तिथूनच जाईल. त्याच्याकडे 43,200 उरतील, तुझ्याकडे 28,800. उरलेल्यातला तिसरा हिस्सा प्रत्येकाने स्वतःच्या नावावर साठवला तर त्याचे 14,400 होतात, म्हणजे आजच्या एसआयपीच्या जवळपास तेवढेच, आणि तुझे 9,600. त्याचं फारसं काही कमी होत नाही, हे आकडे समोर दिसले की ताण उतरतो. घरी द्यायचे पैसे मोठे असतील तर तिसऱ्याऐवजी चौथा हिस्सा धरा.

तुझी गुंतवणूक तुझ्याच पगारातून होऊ दे. नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्यावर कर नाही, पण त्या पैशांच्या गुंतवणुकीवर मिळणारं उत्पन्न करासाठी त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. त्याला मदत करायची असेल तर त्याने घरखर्चाचा वाटा वाढवावा आणि तुझा पगार मोकळा करावा.

फ्लॅटवर तुझं नाव घालण्याचा विषय पहिल्या बैठकीत काढू नकोस. कर्ज चालू असताना बँकेची संमती लागते, दस्त नोंदवावा लागतो, आणि त्याच्या आई-वडिलांचे पैसे त्यात असतील तर तो एकटा ठरवू शकणार नाही. मात्र हप्ता संयुक्त खात्यातून जायला लागल्यावर तुझे पैसेही त्यात आहेत हे बँकेच्या उताऱ्यावर दिसेल. ते उतारे जपून ठेव. काही महिन्यांनी नावाचा विषय निघाला तर तो त्यांच्या आधारावर निघू दे.

दोनदा रविवार टळला तर तिसरा लांब मेसेज लिहू नकोस. तुझ्या पगारातून 5 हजारांची एसआयपी सुरू कर आणि त्याला सांगून कर, लपवून नको. घरखर्चात तेवढी तूट पडेल आणि हिशोबाला बसणं आपोआप भाग पडेल. पण तुझं एटीएम कार्ड त्याच्याकडे असेल, किंवा पगाराचा मेसेज आला की लगेच पैसे मागितले जात असतील, तर सौम्य मेसेजने भागणार नाही. तसं असेल तर इथे लिही, उत्तर वेगळं असेल.

मूल होणार असेल तर सुट्टीतले महिने आत्ताच बोलून घ्या. पगार थांबला तर प्रमाणाच्या हिशोबाने तुझा वाटा शून्य होईल, पण बचत थांबता कामा नये. तेव्हा त्याने तुझ्या नावावरच्या पीपीएफमध्ये भरावं. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतं आणि व्याज करमुक्त असल्यामुळे वर सांगितलेली कराची अडचण तिथे येत नाही. खातं आजच उघडून ठेव, वर्षाला 500 रुपये भरले तरी ते चालू राहतं.